एकोणतीस आणि एकतीस

मानसीचा स्वभाव मोजायचा आहे, असं समजू. मानसी ही उदाहरणापुरती कल्पिलेली. वय २७, बँकेत नोकरी. तिच्यापुढे दहा विधानं ठेवली आहेत. प्रत्येक विधानासमोर तिनं १ ते ५ यांपैकी एक आकडा लिहायचा. १ म्हणजे ‘माझ्या बाबतीत अजिबात खरं नाही’ आणि ५ म्हणजे ‘अगदी खरं’. विधानं साधी आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस गोल्डबर्ग यांनी कुणालाही मोफत वापरता यावा म्हणून प्रश्नांचा एक मोठा संग्रह खुला केला, त्याच धर्तीची.

पहिली पाच विधानं बोलकेपणाकडे झुकलेली आहेत. ‘समारंभात माझ्यामुळे रंगत येते’ याला मानसीनं २ दिले. ‘माणसांत मला मोकळं वाटतं’ याला ४, ‘बोलायला सुरुवात मीच करते’ याला ३, ‘लग्नकार्यात मी बऱ्याच वेगवेगळ्या लोकांशी बोलते’ याला ३ आणि ‘सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे असलं तरी मला अवघडल्यासारखं होत नाही’ याला २. बेरीज १४.

उरलेली पाच उलट्या बाजूची आहेत. ‘मी फारशी बोलत नाही’ (३), ‘मी मागे मागेच राहते’ (३), ‘माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं’ (२), ‘लोकांचं लक्ष वेधून घेणं मला आवडत नाही’ (४), ‘अनोळखी लोकांत मी गप्प असते’ (३). ही विधानं उलटी असल्यामुळे त्यांचे गुणही उलटे धरायचे: ५ चा १ होतो, ४ चा २ होतो, ३ तसाच राहतो. असे तिचे ३, ३, ४, २, ३ म्हणजे १५ गुण झाले. उलटी विधानं मुद्दाम घातलेली असतात. पुष्कळ माणसांना समोर येईल त्या वाक्याला ‘हो’ म्हणायची सवय असते आणि सगळी विधानं एकाच दिशेची असली, तर आपण बोलकेपणा मोजतो आहोत की होकार देण्याची सवय, ते कळायला मार्ग उरत नाही.

मानसीचे एकूण गुण झाले २९. कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० मिळू शकतात, म्हणजे मध्य ३०. इथून पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेनं गेलं तर मानसीला सांगितलं जाईल: तुमची बहिर्मुखता २९, जवळजवळ मधोमध. दुसऱ्या वाटेनं गेलं तर सांगितलं जाईल: तुम्ही अंतर्मुख आहात. तिच्या नावापुढे ‘आय’ हे अक्षर लागेल आणि अशी चार अक्षरं जमली की ‘आयएनएफपी’ किंवा ‘आयएसटीजे’ असं काहीतरी तयार होईल. इन्स्टाग्रामवर स्वतःची ओळख लिहिताना आज असंख्य तरुण मुलंमुली जे लिहितात, ते हेच. सोबत एक चित्र येतं, एक सुंदरसं नाव येतं आणि जोडीदार कसा असावा, नोकरी कोणती करावी, याचा सल्लाही येतो.

मानसीचा एक मावसभाऊ आहे आणि त्याला १३ गुण पडले, असं धरू. चार माणसांत बसणं त्याला शिक्षा वाटते. तिची मैत्रीण रेवती हिला ३१ पडले. अक्षरांच्या पद्धतीत मानसी आणि तिचा मावसभाऊ एकाच जातकुळीचे ठरतात, दोघंही ‘आय’. रेवती मात्र पलीकडची, ‘ई’. २९ आणि १३ मध्ये सोळा गुणांचं अंतर आहे, २९ आणि ३१ मध्ये दोनच गुणांचं. लेबलात हे सोळा गुण नाहीसे झाले आणि त्या दोन गुणांची भिंत झाली.

ही एखादी दुर्मीळ अडचण असती, तर तिच्यावर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. पण माणसांचे गुण मांडले की ते घंटेच्या आकारात पसरतात: मध्ये गर्दी आणि टोकांना विरळ वस्ती. आपल्या या प्रश्नावलीत एखाद्या मोठ्या गटाची सरासरी ३० आणि प्रमाण विचलन ८ आलं, असं धरा. मग शंभरातली सुमारे ३८ माणसं २६ ते ३४ या पट्ट्यात असतील आणि ६८ माणसं २२ ते ३८ मध्ये. रेषा ओढायची ती नेमकी ३० वर, म्हणजे सर्वांत जास्त माणसं उभी आहेत त्याच जागी. उंचीच्या बाबतीत आपण असं कधी करत नाही. १६५ सेंटिमीटरच्या वरचे ‘उंच’ आणि खालचे ‘बुटके’ अशा दोनच जाती मानून कुणी शिंप्याला माप दिलं, तर एकाही माणसाचा सदरा नीट बसणार नाही.

खरोखरच माणसांचे दोन वेगळे प्रकार असते, तर आलेखात एक उंचवटा दिसला नसता. दोन दिसले असते, एक अंतर्मुखांचा आणि एक बहिर्मुखांचा, आणि मध्ये खोलगट भाग असता. हा दावा तपासता येण्याजोगा आहे आणि तो तपासला गेला आहे. १९८९ मध्ये रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा या संशोधकांनी मायर्स-ब्रिग्ज चाचणीचे गुण पंचघटकांच्या गुणांशेजारी ठेवून पाहिले. दोन उंचवट्यांचा पुरावा त्यांना मिळाला नाही. गुण सलग पसरलेले होते.

आता मानसीकडे परत येऊ. दोन महिन्यांनी तीच दहा विधानं तिच्यापुढे पुन्हा ठेवली. मधल्या काळात तिची शाखा बदलली आणि नव्या लोकांशी बोलण्याची थोडी सवय झाली. ‘बोलायला सुरुवात मीच करते’ याला तिनं या वेळी ४ दिले आणि ‘अनोळखी लोकांत मी गप्प असते’ याला ३ ऐवजी २. बाकी सगळं तसंच. एकूण ३१. आकड्यांच्या भाषेत जवळजवळ काहीच घडलेलं नाही. अक्षरांच्या भाषेत ती अंतर्मुखाची बहिर्मुख झाली.

असे दोन-चार गुण इकडेतिकडे होणारच. कोणत्याही प्रश्नावलीत मोजमापाची चूक असते आणि ती किती आहे याचा अंदाज काढता येतो. चाचणीची विश्वासार्हता ०.८५ असेल, म्हणजे चांगल्यापैकी असेल, आणि प्रमाण विचलन ८ असेल, तर एका माणसाच्या गुणांभोवती साधारण सहा गुणांची सूट ठेवावी लागते. मानसीचे २९ म्हणजे खरं तर ‘२३ ते ३५ च्या दरम्यान कुठेतरी’. एवढ्या सुटीत मधली रेषा सहज येते. २९ हा आकडा देताना त्याच्याबरोबर ही सूट सांगता येते, आणि चांगल्या अहवालात ती सांगितलेली असते. अक्षराबरोबर अशी सूट सांगायला जागाच नसते.

चार अक्षरं असतील तेव्हा काय होतं, हे गणितानं पाहता येईल. एका मोजपट्टीवर पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या गुणांत ०.८ इतका सहसंबंध आहे, असं माना. मानसशास्त्राच्या हिशेबात ही मोजपट्टी बरी म्हटली जाईल. रेषा मधोमध असेल, तर दुसऱ्या वेळी तेच अक्षर टिकण्याची शक्यता सुमारे ८० टक्के येते. दर पाच माणसांमागे एकाचं अक्षर बदलतं. चारही अक्षरं टिकायची, तर ०.८ ला स्वतःशी चारदा गुणायचं. उत्तर ४० टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे शंभरातल्या साठ जणांचं निदान एक अक्षर बदलणार. सहसंबंध वाढवून ०.९ केला, तरीही ४६ जणांचा ‘प्रकार’ बदलतो. प्रत्यक्षातले अनुभवही याच्याशी जुळतात. मायर्स-ब्रिग्ज चाचणी पाच आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा दिली, तेव्हा काही अभ्यासांत जवळजवळ निम्म्या लोकांना वेगळा प्रकार मिळाला होता. या लोकांचा स्वभाव पाच आठवड्यांत पालटलेला नव्हता. ते रेषेजवळ उभे होते, इतकंच.

मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: प्रश्न वाईट असतात म्हणून लेबलं फसतात, असं नाही. तेच प्रश्न, त्याच माणसाची तीच उत्तरं, पण शेवटच्या पायरीवर हाताशी असलेली माहिती टाकून दिली जाते. संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९८३ मध्ये या टाकून देण्याची किंमत काढून दाखवली. सलग गुणांना मधोमध कापून दोन गट केले, तर त्याचा परिणाम अभ्यासातली सुमारे एकतृतीयांश माणसं बाहेर काढून टाकल्यासारखा होतो.

दुसरी वाट, म्हणजे आकडा तसाच ठेवण्याची, कुठून आली ते पाहू. तिच्यामागे एखाद्या विचारवंताचा सिद्धांत नव्हता. तिची सुरुवात शब्दकोशातून झाली. माणसांना एकमेकांच्या स्वभावातले जे फरक खरोखर महत्त्वाचे वाटतात, त्यांच्यासाठी भाषेत शब्द तयार झालेले असणारच, अशी त्यामागची कल्पना. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजीचा मोठा शब्दकोश चाळून माणसाच्या वर्णनासाठी वापरता येतील असे जवळजवळ १८ हजार शब्द बाजूला काढले. त्यातले सुमारे साडेचार हजार शब्द टिकाऊ स्वभावविशेष सांगणारे होते. पुढे रेमंड कॅटेल यांनी ती यादी गाळून गाळून काही डझन गटांवर आणली.

मग अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांनी १९६१ मध्ये एक अहवाल लिहिला. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या स्वभावाला गुण द्यायचे, अशी माहिती त्यांनी आठ वेगवेगळ्या गटांतून तपासली होती. ज्याला ‘बोलका’ म्हणतात त्यालाच ‘धीट’ही म्हणतात, ज्याला ‘व्यवस्थित’ म्हणतात त्यालाच ‘जबाबदार’ही म्हणतात, असे शब्द आपोआप एकत्र येतात आणि त्यांचे झुबके किती आहेत ते गणितानं काढता येतं. प्रत्येक गटात झुबके पाचच निघाले. अहवाल हवाई दलाच्या दप्तरात राहिल्यामुळे पुष्कळांच्या नजरेस आला नाही, पण इतरांनाही पुन्हा पुन्हा पाचच सापडत गेले. गोल्डबर्ग यांनी १९८१ मध्ये त्यांना ‘बिग फाइव्ह’ म्हटलं आणि ते नाव रूढ झालं.

हे पाच म्हणजे बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा. प्रत्येक माणसाकडे पाचही असतात, कमीअधिक प्रमाणात. तुम्ही ‘सौहार्दवाले’ आणि मी ‘कर्तव्यदक्षतावाला’ अशी विभागणी या पद्धतीत नाही. सौहार्द म्हणजे समोरच्याला समजून घेण्याकडे आणि जुळवून घेण्याकडे असलेला कल. ठरवलेलं वेळेत आणि नीट पुरं करण्याची वृत्ती ती कर्तव्यदक्षता. खुलेपणात कुतूहल, कल्पनाशक्ती आणि कलेची ओढ येते. भावनिक अस्थिरता मोजते ती चिंता, उदासी आणि चिडचिड किती लवकर येते आणि किती वेळ टिकते, हे.

चार अक्षरांचा उगम वेगळा आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णांच्या निरीक्षणातून आणि स्वतःच्या चिंतनातून त्यांनी तो उभा केला होता. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी तो विचार उचलला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, नव्यानं कामाला लागणाऱ्या माणसांना आपल्या स्वभावाला मानवेल असं काम मिळावं, या तळमळीनं इझाबेल यांनी प्रश्नावली रचायला घेतली. त्यांचा हेतू चांगला होता आणि मेहनत खरी होती. मात्र ‘माणसं प्रकारांत विभागलेली आहेत’ हे गृहीत आधी आलं आणि प्रश्न त्यानंतर. शब्दकोशाच्या वाटेनं गेलेल्यांना पाच हा आकडा आधी माहीत नव्हता. तो मोजणीतून बाहेर आला.

तरीही दोन पद्धती एकमेकींना पूर्ण परक्या नाहीत. मॅक्रे आणि कोस्टा यांच्या त्याच अभ्यासात चारही जोड्या पाचांपैकी चार घटकांशी जुळताना दिसल्या. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी बहिर्मुखतेशी आणि ‘अंतःप्रेरणा’ मोजणारी जोडी खुलेपणाशी, असे दोन्ही संबंध ०.७ च्या आसपास म्हणजे भक्कम होते. विचार-भावना ही जोडी सौहार्दाशी आणि शिस्त-लवचिकपणा मोजणारी जोडी कर्तव्यदक्षतेशी जुळली, पण ०.४ ते ०.५ इतकी, जरा सैल. म्हणून एखाद्याला आपल्या चार अक्षरांत स्वतःची ओळख पटली, तर ती सगळी भ्रामक नसते. अक्षरांच्या खाली खरंच मोजता येण्यासारखं काहीतरी असतं.

जोडी सापडली नाही ती पाचव्या घटकाला, भावनिक अस्थिरतेला. मूळ चार अक्षरांत तो कुठेच नाही. (एका अतिशय लोकप्रिय मोफत संकेतस्थळानं पुढे चार अक्षरांना पाचवं अक्षर जोडून ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला. तिथली चाचणी म्हणजे अधिकृत मायर्स-ब्रिग्ज चाचणी नव्हे. अक्षरं तेवढी तशीच दिसतात.) हा घटक नसणं मला सर्वांत जास्त खटकतं. रात्री झोप न लागणं, छोट्या बोलण्यानं दिवस वाया जाणं, कामाच्या ताणाखाली मोडून पडणं, या सगळ्याशी ज्याचा संबंध आहे तो नेमका हाच घटक. मानसी आणि रेवती दोघींची चारही अक्षरं सारखी असतील आणि तरी एकीला परीक्षेच्या निकालाची धास्ती आठ दिवस छळत असेल, दुसरी निकालाच्या सकाळी शांतपणे चहा पीत असेल. चार अक्षरांना या दोघींमधला फरक दिसत नाही.

हा घटक नसल्यामुळेच लेबलं वाचायला गोड लागतात. सोळाही प्रकारांची वर्णनं कौतुकाची असतात: कुणी द्रष्टा, कुणी पालनकर्ता, कुणी सेनापती. ‘तुम्ही सरासरीपेक्षा जास्त चिंता करता’ असं वाक्य त्यांत बसत नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘खास’ व्यक्तिवर्णन ठेवलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं आणि त्यातली वाक्यं फोररनं बहुतेक करून फलज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलली होती. ‘हे अगदी माझंच वर्णन आहे’ ही भावना चाचणी खरी असल्याचा पुरावा होऊ शकत नाही, हे या प्रयोगातून दिसतं. खरी कसोटी उलट दिशेनं घ्यायची असते: दुसऱ्या कुणाचं तरी वर्णन वाचून ‘हे माझं नव्हे’ असं ठामपणे म्हणता येतं का?

आकडा लेबलापेक्षा बरा असला, तरी एक आकडा म्हणजेही पुरी गोष्ट नव्हे. बहिर्मुखतेचंच घ्या. २०१७ मध्ये ख्रिस्तोफर सोटो आणि ऑलिव्हर जॉन यांनी सिद्ध केलेल्या ६० विधानांच्या प्रश्नावलीत बहिर्मुखतेचे तीन पदर वेगळे मोजले जातात: माणसांची आवड, ठामपणा आणि उत्साह. मानसी बँकेच्या बैठकीत आपला मुद्दा खणखणीतपणे मांडते आणि बैठक संपली की कुणाशी न बोलता घरी जाते. ठामपणा वरचा, माणसांची आवड खालची. दोन्हींची गोळाबेरीज मध्यावर. तिकडे रेवतीचे पदर नेमके उलटे असू शकतात. गप्पांची हौस दांडगी, पण चारचौघांत निर्णय घ्यायची वेळ आली की ती मागे सरते. २९ आणि ३१ हे आकडे शेजारी दिसतात, पण त्यांच्या मागच्या दोन मुली वेगळ्या आहेत.

‘मी अंतर्मुख आहे, पण जुन्या मित्रांत मी खूप बोलतो,’ असं सांगून काही जण गोंधळात पडतात. त्यात विसंगती नाही. विल्यम फ्लीसन या संशोधकानं २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी दिवसातून अनेकदा, त्या त्या वेळी आपण कसे वागतो आहोत, याची नोंद केली. एकच विद्यार्थी एकाच आठवड्यात मोजपट्टीच्या जवळजवळ सगळ्या लांबीवर हिंडत होता: सकाळी गप्प, संध्याकाळी बडबड्या. पण त्याच्या सगळ्या नोंदींची सरासरी काढली, तर ती आठवड्यामागून आठवडा तशीच राहत होती. पंचघटकांचा आकडा सांगतो तो ही सरासरी. कोणत्या घटकेला माणूस कसा वागेल, हे त्यावरून सांगता येत नाही.

हीच मर्यादा भाकितांनाही लागू होते. नोकरीतल्या कामगिरीशी पाचांपैकी कर्तव्यदक्षतेचा संबंध सर्वांत खात्रीनं सापडतो आणि तो ०.२ च्या आसपास असतो. याचा अर्थ असा की, कर्तव्यदक्षतेत वरच्या निम्म्यात असलेली शंभर माणसं घेतली, तर त्यांतली सुमारे ५६ कामगिरीतही वरच्या निम्म्यात निघतील, ४४ निघणार नाहीत. हजारो माणसांच्या अभ्यासात हा फरक मोलाचा आहे. समोर मुलाखतीला बसलेल्या एका मुलाबद्दल तो फार थोडं सांगतो. मायर्स-ब्रिग्ज चाचणीच्या प्रकाशकांनी तर आपली चाचणी भरतीसाठी वापरू नये, असं स्वतःच सांगितलेलं आहे. तरी तिच्या नकला करणाऱ्या मोफत चाचण्यांच्या जोरावर उमेदवारांना गाळलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्यात रेषेवर उभ्या असलेल्या एखाद्याची संधी दोन गुणांनी जाते.

शिवाय हा आकडा कुणाच्या तुलनेत, हाही प्रश्न असतोच. ‘तुमची बहिर्मुखता ७० व्या शतमानकावर आहे’ याचा अर्थ शंभरातल्या सत्तर जणांपेक्षा जास्त. पण हे शंभर कोण? अमेरिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी, की सोलापुरातल्या शिक्षिका? इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्यांमध्ये तुलना होते ती आपणहून चाचणी द्यायला आलेल्या लोकांशी, आणि ते कोण होते हे सहसा सांगितलेलं नसतं. उत्तर देतानाही माणूस स्वतःला भोवतालच्या लोकांशी ताडून पाहतो. अत्यंत शिस्तीच्या घरात वाढलेली मुलगी स्वतःला गबाळी म्हणवते आणि तिच्या मैत्रिणींना मात्र ती टापटिपीची वाटते. म्हणून जाणकार अभ्यासक शक्य तिथे माणसाला नीट ओळखणाऱ्या दोघाचौघांकडूनही तीच प्रश्नावली भरून घेतात.

पाच हा आकडासुद्धा सर्वत्र सारखाच निघत नाही. बोलिव्हियातल्या जंगलाकाठी शेती आणि शिकार करून जगणाऱ्या त्सिमाने लोकांमध्ये मायकेल गर्व्हन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी केली. प्रश्न वाचून दाखवून उत्तरं घेतली. तिथे पाच झुबके नीटसे जुळून आले नाहीत. लोकांशी मिळून मिसळून राहणं आणि कष्टाळूपणा असे दोनच ठळक दिसले. त्याच वर्षी जितेंद्र सिंग, गिरीश्वर मिश्र आणि बूले डी राड यांनी हिंदीतल्या स्वभावदर्शक शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सत्त्व, रज आणि तम यांच्याशी नातं सांगणारे घटक पुढे आले. इंग्रजीत शब्दकोशापासून सुरू झालेली ही मोजणी मराठीच्या शब्दांवर केली, तर काय निघेल, याबद्दल मला मोठी उत्सुकता आहे. ‘भिडस्त’, ‘मानी’, ‘लाघवी’, ‘आतल्या गाठीचा’, ‘हट्टी’, ‘सोशिक’: असे शब्द एकमेकांजवळ कसे गोळा होतील, हे माणसांकडून गुण घेऊनच कळेल.

एक गोष्ट मात्र आकड्यांमुळेच दिसू शकली. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या ९२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. विशीपासून चाळिशीपर्यंत सरासरी माणसाची कर्तव्यदक्षता हळूहळू वाढते आणि भावनिक अस्थिरता कमी होते. हा बदल इतका सावकाश होतो की, वर्षभरात मोजला तर हाती काही लागू नये. लेबलाच्या पद्धतीत अशा माणसाचं एक तर काहीच बदललेलं दिसत नाही, किंवा एखाद्या वर्षी तो अचानक दुसऱ्याच प्रकारचा होतो.

रॉबर्ट्स यांच्याच गटानं २०१७ मध्ये आणखी एक आढावा घेतला. या वेळी प्रश्न होता, समुपदेशन आणि मानसोपचार घेतल्यानं स्वभावाचे गुण हलतात का. सुमारे दोनशे अभ्यासांतून उत्तर आलं की हलतात, आणि तेही काही महिन्यांत. सर्वांत जास्त सुधारणा भावनिक स्थिरतेत दिसली, साधारण अर्ध्या प्रमाण विचलनाइतकी. आपल्या दहा विधानांच्या पट्टीसारख्या पट्टीवर हा बदल चारेक गुणांचा होतो. रात्री जागत काढणाऱ्या माणसाला हे चार गुण जाणवतात. मूळ चार अक्षरांत या घटकाचं नावच नसल्यामुळे उपचाराआधीचं आणि नंतरचं त्याचं लेबल शब्दशः तेच राहू शकतं.